शिखर कुठे काढायचे

लघुकथेच्या स्वाध्यायात विद्यार्थ्यांकडून जी कथानक-आकृती काढून घेतली जाते, ती दिसायला एखाद्या डोंगरासारखी असते. डावीकडे थोडी सपाट रेघ, मग चढण, शिखर, उतार आणि उजवीकडे पुन्हा सपाट रेघ. सपाट भागाला एक्स्पोझिशन म्हणतात, म्हणजे पात्रे, स्थळ, काळ आणि त्यांची मूळ परिस्थिती सांगणारा पूर्वपरिचय. चढणीला रायझिंग अ‍ॅक्शन, म्हणजे एकातून दुसरा असा वाढत जाणारा पेच. शिखराला क्लायमॅक्स किंवा उत्कर्षबिंदू. आणि शेवटच्या सपाटीला रेझोल्यूशन, म्हणजे उकल. आकृती इतकी सोपी दिसते की छापील कागदावरच्या चार-पाच चौकटी भरल्या म्हणजे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यातला अवघड निर्णय एकच असतो, तो म्हणजे शिखर कोणत्या घटनेवर ठेवायचे. तो न घेताच बाकीच्या चौकटी भरल्या, की आकृती नीटनेटकी दिसते आणि कथेविषयी काहीच सांगत नाही.

या गोंधळाचे मूळ आकृतीच्या इतिहासात आहे. जर्मन कादंबरीकार आणि नाटककार गुस्टाव फ्रायटाग याने 1863 साली नाट्यतंत्रावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात नाटकाची रचना पिरॅमिडच्या आकारात मांडली. त्याच्या डोळ्यांसमोर पाच अंकी शोकात्म नाटक होते, लघुकथा नव्हे. त्यामुळे त्याचे शिखर नाटकाच्या मध्याजवळ येते, आणि तेथे नायकाचे दैव फिरते, म्हणजे आतापर्यंत वर जाणारी गोष्ट तेथून खाली येऊ लागते. पुढे हीच आकृती शाळेच्या वर्गात आली, तेव्हा शिखराचा अर्थ हळूच बदलला आणि वाचकाची उत्कंठा जेथे सर्वांत ताणली जाते ती जागा म्हणजे क्लायमॅक्स, असे शिकवले जाऊ लागले. दैव फिरण्याची जागा आणि उत्कंठा ताणली जाण्याची जागा अनेक कथांत एकच असते, म्हणून हा बदल सहसा कोणाला खटकत नाही. पण जेथे त्या दोन वेगळ्या पडतात, तेथे एकाच वर्गातले दोन हुशार विद्यार्थी दोन वेगळी शिखरे काढतात आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. (भरताच्या नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधी येथे आठवणे स्वाभाविक आहे, पण तो क्रम नायकाला अखेर फळ मिळेल या अपेक्षेवर उभा आहे; फळ हातातून निसटण्याच्या कथेला तो सहज बसत नाही.)

अशी दोन शिखरांची कथा म्हणून गी द मोपासाँची ‘द नेकलेस’ घ्यावी. 1884 साली पॅरिसच्या एका दैनिकात ती प्रथम छापली गेली आणि इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांतून कथानक-आकृतीच्या स्वाध्यायासाठी ती वारंवार दिली जाते. शिक्षण मंत्रालयातील एका साध्या कारकुनाची बायको मातिल्द लुआझेल स्वतःला वैभवासाठी जन्मलेली समजते आणि कळकट भिंती, झिजलेल्या खुर्च्या पाहून झुरते. नवरा मंत्र्यांकडच्या समारंभाचे निमंत्रण आणतो. नेसायला काही नाही म्हणून ती रडते. नवरा बंदुकीसाठी साठवलेले 400 फ्रँक तिच्या पोशाखासाठी देतो. दागिना नाही म्हणून ती शाळेपासूनची श्रीमंत मैत्रीण मादाम फोरेस्तिए हिच्याकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात ती सर्वांच्या नजरेत भरते, पहाटे घरी येते, आरशासमोर उभी राहते, आणि गळ्यात हार नसतो. शोध लागत नाही, तेव्हा नवरा-बायको तसाच दिसणारा हार 36,000 फ्रँकना विकत घेऊन गुपचूप परत करतात आणि त्याचे कर्ज दहा वर्षे फेडतात. अखेर एका रविवारी शाँझेलिझेवर मादाम फोरेस्तिए भेटते आणि सांगते की तिचा हार नकली होता, फार तर 500 फ्रँकचा.

शिखर कोठे? बहुतेक विद्यार्थी ते शेवटच्या वाक्यावर ठेवतात, कारण तेथे धक्का सर्वांत मोठा आहे. काही जण समारंभावर ठेवतात, कारण मातिल्दच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण तो आहे. तिसरा गट हार हरवल्याचे कळण्याच्या क्षणावर ठेवतो. या तिन्हींपैकी एक निवडण्याआधी आकृतीच्या उभ्या अक्षावर काय मोजले जात आहे, हे ठरवले पाहिजे, आणि नेमकी ही गोष्ट छापील कागदावर कधीच लिहिलेली नसते. उभा अक्ष मातिल्दच्या भाग्याचा धरला, तर रेघ समारंभात सर्वांत वर असते आणि आरशासमोर कोसळते. उभा अक्ष वाचकाच्या उत्कंठेचा धरला, तर समारंभात ती फारशी वर नसते, कारण तेथे वाचकाला कसलीच चिंता नाही. हार नाहीसा झाल्यावर ती एकदम चढते, नव्या हाराची डबी मादाम फोरेस्तिएच्या हाती जाते तेव्हा पुन्हा ताणली जाते, कर्जाच्या वर्षांत सैल पडते आणि शेवटच्या भेटीत पुन्हा उसळते. दोन्ही रेघा खऱ्या आहेत, परंतु अर्धी रेघ एका मापाने आणि अर्धी दुसऱ्या मापाने काढली, की शिखर कोठेही सरकवता येते.

यातून वाट काढण्याची एक साधी कसोटी आहे. आकृतीला हात लावण्यापूर्वी कथेचा मध्यवर्ती प्रश्न एका वाक्यात लिहावा, आणि ज्या घटनेनंतर त्या प्रश्नाचे उत्तर बदलणे अशक्य होते, तिला शिखर मानावे. ‘हार सापडेल का?’ हा प्रश्न चालणार नाही, कारण कथेचा बराच भाग हार हरवण्याच्या आधीचा आहे आणि त्या भागाला हा प्रश्न लागूच होत नाही. ‘आपल्या वाट्याचे आहे असे मातिल्द मानते, ते आयुष्य तिला मिळेल का?’ हा प्रश्न पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत पुरतो. या प्रश्नाचे उत्तर समारंभात क्षणभर ‘हो’ असे येते आणि आरशासमोर ते फिरते. म्हणून शिखर तेथे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र ‘बदलणे अशक्य’ ही अट काटेकोरपणे लावणारा कोणी म्हणेल की हार हरवल्यावरही खरे सांगण्याची वाट उघडी होती, आणि ती वाट मैत्रिणीला ‘हाराची कडी दुरुस्तीला दिली आहे’ असे खोटे पत्र लिहिताना बंद होते. हा आक्षेप तकलादू नाही. ज्या विद्यार्थ्याने पत्रावर शिखर ठेवून हे कारण एका ओळीत लिहिले, त्याचे उत्तर कारणाविना ‘योग्य’ जागी शिखर ठेवणाऱ्यापेक्षा वरचे मानावे लागेल.

शिखर ठरले की चढण मागे मागे जात भरावी. प्रत्येक घटनेपाशी ‘ही आधीच्या घटनेमुळे घडली का?’ असे विचारावे, आणि उत्तर केवळ ‘त्यानंतर घडली’ असे असेल, तर तिला आकृतीत जागा देऊ नये. घटनेचे नावही नुसत्या नामाने लिहू नये. ‘समारंभ’ असे लिहिले की काही कळत नाही. ‘समारंभातल्या यशानंतर फरचे कोट घालणाऱ्या बायकांना आपली साधी शाल दिसू नये म्हणून मातिल्द घाईने बाहेर पडते’ असे लिहिले की चढण आणि शिखर एकमेकांना जोडले जातात. हार नेमका कोठे पडला हे कथा सांगत नाही, परंतु जी लाज तिला हार मागायला घेऊन गेली, तीच तिला त्या घाईत लोटते, हे अशा वाक्यातून आपोआप पुढे येते. या चढणीत तीन बिंदू पुरतात: पोशाख, मागून आणलेला हार आणि समारंभ. निमंत्रण हा त्यांच्या आधीचा सांधा आहे, जेथे सपाट रेघ पहिल्यांदा वर वळते. पूर्वपरिचयाच्या चौकटीत मात्र भिंती, खुर्च्या, माहेर, मोलकरीण सगळे कोंबण्याचा मोह होतो. त्यातले पुढच्या घटनांना लागणारे तेवढेच ठेवावे, म्हणजे मातिल्दचा असंतोष, नवऱ्याची तुटपुंजी नोकरी आणि श्रीमंत मैत्रीण.

आडव्या अक्षाची अडचण लहान आहे, पण ती टाळता येत नाही. तेथे कथेतला काळ मोजला, तर कर्ज फेडण्याची दहा वर्षे सारी जागा व्यापतात आणि समारंभाची रात्र एका ठिपक्याएवढी उरते. म्हणून आडव्या अक्षावर पाने किंवा परिच्छेद मोजावेत. तसे केले की शिखर ठरीव त्रिकोणाप्रमाणे बरोबर मध्यावर येईलच असे नाही, आणि त्या लांबलचक दहा वर्षांना उतारावर अगदी थोडी जागा मिळते. मोपासाँने ती वर्षे किती भराभर उरकली, हे मग रेघेच्या लांबीतच दिसते.

उरते ती शेवटची चौकट. शाँझेलिझेवरच्या भेटीला उकल म्हणावे, तर तेथे काहीच स्थिरावत नाही. मादाम फोरेस्तिएच्या शब्दांवर कथा थांबते. मातिल्द काय म्हणाली, पैसे परत मिळाले का, यातले काही सांगितलेले नाही. गाठ सुटते, एवढ्याच अर्थाने ती उकल आहे. त्यामुळे येथे रेघ सपाट करून तळाला टेकवणे चुकीचे ठरते. ती उताराच्या मध्येच तोडावी आणि तुटलेल्या टोकापासून मागे तीन तुटक बाण काढावेत. पहिला, मैत्रीण जराही न अडखळता हार देते त्या ठिकाणी. दुसरा, डबीवर ज्याचे नाव आहे तो जवाहिऱ्या ‘हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली’ असे सांगतो त्या ठिकाणी. आणि तिसरा, मादाम फोरेस्तिए परत आलेली डबी उघडूनही पाहत नाही त्या ठिकाणी. छापील कागदावर अशा बाणांसाठी जागा नसते, म्हणून ते समासातून वळवून काढावे लागतात.