मसह करताना काळे झालेले हात

आम्हा दोघा भावांचा टाळू एकाच वर्षी दिसू लागला. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिलं आणि बजावलं, "सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळतील. घाबरून सोडू नका. फरक चार-सहा महिन्यांनी दिसेल." धाकट्याचा निकाह मात्र तीन महिन्यांवर आला होता.

म्हणून हेअर फायबर आणले. ही केराटिनची बारीक भुकटी असलेल्या केसाला चिकटून तो जाड दाखवते. औषध पूर्ण वाळल्यावर कोरड्या केसांवर शिंपडायची. पहिल्याच जुम्म्याला वजू करताना मसह केला आणि तळहात काळे झाले! आरशात टाळू पुन्हा उघडा.

मग टाळूवर सुईने रंगाचे ठिपके भरून घेण्याचा विचार केला. डॉक्टर म्हणाले, "केस किती परततात ते कळल्याशिवाय ठिपके कुठे भरणार? ते काही वर्षं राहतात. केस पांढरे झाले तरी ठिपके काळेच." अम्मीने तर 'गोंदण' म्हणून विषयच संपवला.

शेवटी गल्लीतले न्हावीचाचा कामी आले. लांब केसांनी झाकायचा आमचा हट्ट त्यांनी मोडला. "लांब केसांची फट पडते, त्यातून टाळू चमकतो." त्यांनी बाजू बारीक केल्या, वर बोटाच्या पेराएवढे केस ठेवले. टाळू आणि केसांतला फरक खरोखर कमी दिसू लागला.

निकाहच्या दिवशी फायबर लावले नाहीत. मुलीच्या घरी अब्बांनी औषधाचं आधीच सांगून टाकलं होतं.