दुसरा प्रश्न

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत आजी-आजोबांसाठी एक छोटासा समारंभ होता. शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी आस्थेने विचारले, “आपण कुठले?” मी सांगितले, “जामखेडचा.” ते हसले. “तसे नव्हे, मूळचे कुठले?” मी म्हणालो, “मूळचाही जामखेडचाच. माझा जन्म तिथला, वडिलांचा आणि आजोबांचाही तिथलाच.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे मारवाडी ना? पण मराठी फार शुद्ध बोलता हो!”

गृहस्थ मनाने चांगले होते. त्यांना माझे कौतुकच करायचे होते. परंतु ज्या भाषेत मी आईजवळ हट्ट केला, ज्या भाषेत पाढे पाठ केले, ती मला चांगली येते याचे आश्चर्य कुणाला वाटावे, हे साठी उलटल्यावरही नवे वाटते. आमचे पणजोबा मारवाडातून दिसावराला म्हणून निघाले आणि नगर जिल्ह्यात स्थिरावले. त्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब जोधपूरजवळच्या ओसियाँला दर्शनाला गेलो, तेव्हा तिथल्या दुकानदाराने माझी हिंदी ऐकून लगेच विचारले, “महाराष्ट्र से आये हो क्या?” पत्नीला हसू आवरेना. इकडचे आम्हाला तिकडचे म्हणतात, आणि तिकडचे इकडचे!

वाचकांपैकी कुणी म्हणेल, मूळ गाव तर आपणही विचारतो. खरे आहे. सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा गोत्राचा. पण तो प्रश्न धागा जुळवण्यासाठी असतो. गाव सांगितले की समोरचा म्हणतो, “अरे, तिथे तर आमच्या आत्याचे घर!” आणि दोन पावले जवळ येतो. त्रास होतो तो पहिले उत्तर नाकारले गेले म्हणजे. ‘जामखेड’ हे उत्तर त्या गृहस्थांना पुरले नाही, कारण माझे आडनाव ऐकताच त्यांच्या मनात वेगळे उत्तर तयार झाले होते. माझ्याकडून त्यांना तेवढाच दुजोरा हवा होता.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, त्याला एक कारण आहे. हाच दुसरा प्रश्न एकदा मीही विचारला आहे.

साधारण 2011 ची गोष्ट. मी पुण्यात एका बँकेच्या शाखेत व्यवस्थापक होतो. जून-जुलैमध्ये महाविद्यालये सुरू झाली की बचत खाती उघडण्यासाठी विद्यार्थ्यांची रीघ लागे. एके दुपारी काउंटरवर थोडा आवाज चढला, म्हणून मी बाहेर आलो. एक मुलगी उभी होती. तिच्या अर्जावर आमच्या सहकाऱ्याने पेन्सिलीने लिहिले होते, ‘पासपोर्ट व व्हिसाची प्रत जोडावी’. ती हिंदीत शांतपणे सांगत होती की तिच्याकडे व्हिसा नाही आणि असण्याचे कारणही नाही.

मी तिला केबिनमध्ये बसवले. पाणी दिले. विचारले, “बेटा, कुठली तू?” ती म्हणाली, “इम्फाळची.” आणि मी, जन्मभर ‘मूळचे कुठले’ ऐकत आलेला माणूस, तिला म्हणालो, “हो, पण त्याआधी? आईवडील कुठून आले?”

तिने काही उत्तर दिले नाही. टेबलावरचे आपले मतदार ओळखपत्र उचलून तिने माझ्यासमोर सरकवले.

आता त्यातील कामकाजाचा भाग सांगतो, म्हणजे आमची चूक नेमकी कुठे झाली ते कळेल. परदेशी विद्यार्थ्याचे खाते वेगळ्या प्रकारात उघडावे लागते आणि त्यासाठी पासपोर्ट व व्हिसा पाहणे बँकेचे कर्तव्यच असते. भारतीय विद्यार्थ्याला ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र द्यावे लागते. कोण कुठल्या प्रकारात बसतो, हे कागद पाहून ठरवायचे असते. मतदार यादीत नाव केवळ भारतीय नागरिकाचे असू शकते. म्हणजे नागरिकत्वाच्या शंकेचे उत्तर त्या अर्जालाच टाचलेले होते. आमच्या सहकाऱ्याने कागद उलटण्यापूर्वी चेहरा पाहिला आणि रकाना ठरवून टाकला. नियम बरोबर होता. तो चुकीच्या माणसाला लावला गेला. त्या दिवशी अर्ज केलेल्या लातूरच्या, नाशिकच्या एकाही मुलाला कुणी व्हिसा मागितला नव्हता.

मी पेन्सिलीची ओळ खोडली, अर्जावर सही केली आणि तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, सवय आहे. रिक्षावालेही विचारतात, नेपाळ की चीन.” मग वातावरण हलके करावे म्हणून असेल, तिने विचारले, “आपण कुठले, सर?” मी म्हणालो, “जामखेड.” “दूर आहे का इथून?” एवढेच तिने विचारले आणि पासबुकासाठी बाहेर जाऊन बसली.

घरी येऊन पत्नीला सांगितले, तेव्हा तिला तिच्या मावसभावाची आठवण झाली. त्यांचे इम्फाळच्या थांगल बाजारात दुकान आहे. ते तिथेच जन्मले, वाढले, मणिपुरी अस्खलित बोलतात. तरी तिथे बाहेरच्यांसाठी ‘मयांग’ असा शब्द आहे आणि तो त्यांना आजही ऐकावा लागतो. एकदा पुण्यात आमच्याकडे आले असता ते म्हणाले होते, “भाव करताना मी दादा असतो, आणि भाव पटला नाही की मयांग.” इम्फाळची ती मुलगी पुण्यात परकी आणि आमचे मेहुणे इम्फाळात परके!

मागच्या दिवाळीत पुतण्याच्या कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलो होतो. ईशान्येकडची दोन मुले शर्ट पाहून गेली. ती पायऱ्या उतरतात न उतरतात तोच नोकराने त्यांच्या डोळ्यांवरून एक शब्द उच्चारला. तो शब्द इथे लिहीत नाही. बाकीचे हसले. मी पुतण्याकडे पाहिले. तो म्हणाला, “काका, कुणाच्या मनात वाईट नसते हो. नुसती गंमत.”

मी त्याला दिल्लीच्या लाजपतनगरची गोष्ट सांगितली. 29 जानेवारी 2014 रोजी अरुणाचल प्रदेशचा निदो तानिया हा विद्यार्थी तिथे एका दुकानात पत्ता विचारायला थांबला. दुकानातील माणसांनी त्याच्या केसांवरून थट्टा केली. शब्दाने शब्द वाढला, दुकानाची काच फुटली, त्याला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. पुढे केंद्र सरकारने ईशान्येकडील लोकांच्या अशा तक्रारींचा विचार करण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली. “त्या दुकानातसुद्धा सुरुवात गमतीनेच झाली होती,” मी म्हणालो.

पुतण्या थोडा वेळ हिशेबाच्या वहीत पाहत राहिला. मग त्याने नोकराला जवळ बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितले. काय सांगितले, ते मला ऐकू आले नाही. दुकानात गर्दी वाढली होती.