सतराशे पंच्याहत्तर कुठे गेले?

वर्षभर माझे व्हिडिओ एकाच वाक्याने सुरू व्हायचे : "आईबापाने जन्मभर उचल फेडली, आणि तू हप्त्यावर मोबाइल घेतलास?" ते वाक्य माझे फार लाडके होते. आता मी ते टाकून दिले आहे.

पहिल्यांदा कमावत्या झालेल्या पोरापोरींसाठी मी बीडमधून पैशाच्या सवयींवर साठ सेकंदांचे उभे व्हिडिओ करतो. बघणारे बहुतेक आयटीआय किंवा बारावी करून चाकण, रांजणगाव, वाळूजला लागलेले. अनेकांची घरे ऊसतोडीची. हंगामाआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. ती ऊस तोडून फेडायची, नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. त्यामुळे 'उचल' म्हटले की आमच्याकडचा पोरगा थांबतोच. स्क्रीनवरचा अंगठा थांबवायला याहून धारदार शब्द नाही, असे मी धरून चाललो होतो.

पोरे थांबतही होती. पण व्हिडिओ कुठवर पाहिला गेला हे दाखवणारा आलेख उघडला की तेच दिसायचे : पहिली तीन-चार सेकंद रेघ टिकून, मग सहाव्या-सातव्याला कडा कोसळावा तशी खाली. मी संगीत बदलले, बोलण्याचा वेग वाढवला, अक्षरे मोठी केली. कडा तिथेच.

केज तालुक्यातला, चाकणला हेल्पर असलेला एक पोरगा सणाला गावी आला होता. तो म्हणाला, "दादा, व्हिडिओ चांगलाय तुमचा, पण मायसमोर लावता येत नाही."

मला तेव्हा कळले. मी बघणाऱ्याला पहिल्याच वाक्यात आरोपी करत होतो, आणि त्याच्या आईबापाचे कष्ट त्याच्यावर उगारत होतो. शिवाय पुढे बोलत होतो बचतीवर. उचलीचा पुन्हा उल्लेखही नाही. जो त्या शब्दासाठी थांबला, त्याला सहाव्या सेकंदाला समजायचे की त्याच्यासाठी इथे काही नाही.

मी केजच्या त्या पोराला विचारले, पहिला पगार झाला तेव्हा सगळ्यात आधी मनात काय आले? तो लगेच म्हणाला, "कमी आले."

नवी सुरुवात मी त्यावरच बांधली. पहिल्या चौकटीत माझा चेहरा नाही. हातातला मोबाइल आणि पगार जमा झाल्याचा मेसेज. आवाज : "ठरले अठरा हजार. आले सोळा हजार दोनशे पंचवीस. सतराशे पंच्याहत्तर कुठे गेले?" बसमध्ये, कॅन्टीनमध्ये पोरे आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून शेवटचा प्रश्न अक्षरांतही, आणि तो वरच्या भागात. खालची पट्टी मजकुराने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. 'नमस्कार मित्रांनो' घातलेच नाही, कारण त्यात दोन सेकंद जातात.

लगेच उत्तर. मूळ पगार १२,००० असेल तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, पीएफमध्ये. एकूण १८,००० चा पाऊण टक्का, १३५ रुपये, ईएसआयसीला. २०० रुपये व्यवसाय कर. विसाव्या सेकंदापर्यंत हिशेब पुरा होतो. मग सांगतो की यातले १,४४० गेलेले नाहीत, ते तुझेच आहेत. मालकही त्याच्या बाजूने भर घालतो, मात्र तिचा मोठा भाग पेन्शनकडे जातो. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघड. पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे आणि दोन-तीन महिने झाले तरी पासबुकात नोंद नाही, तर विचारायला जा. सवय एकच सांगतो : महिना १८,००० वर नाही, १६,२२५ वर बेतायचा, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ५०० रुपयांची आवर्ती ठेव कापली जाईल असे करून ठेवायचे.

यातही माझी एक चूक झाली. वाळूजच्या एका मुलीने लिहिले की तिचे २०० कापलेच जात नाहीत. बरोबर होते तिचे. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. मी सगळ्यांचा हिशेब पोरांचाच धरला होता. आता मुलींसाठी तोच व्हिडिओ वेगळा आहे, त्यात प्रश्न पंधराशे पंच्याहत्तरचा.

कडा आता तितका उभा राहिलेला नाही. रेघ उतरते, पण हळूहळू. मात्र ठेकेदाराच्या हातून रोख पगार घेणाऱ्यांना ही सुरुवात लागू पडत नाही. त्यांना ना मेसेज येतो ना चिठ्ठी मिळते. कमी आले हे कळते, पण किती आणि का हे नाही. त्यांच्यासाठी सध्या एक चौकट करून पाहतो आहे : तळहातावर मोजलेल्या नोटा, आणि वर तीनच शब्द, 'चिठ्ठी मागितली का?'