रात्रीचा चढउतार कोणत्या रकान्यात?

ऑप्शन विकणाऱ्याला महिन्याच्या शेवटी एकच हिशोब लागतो. विकताना बाजाराने किती चढउताराचे पैसे दिले, आणि प्रत्यक्षात किती चढउतार झाला? पहिला आकडा शोधावा लागत नाही. निफ्टीपुरतं बोलायचं तर एनएसई ‘इंडिया व्हिक्स’ या नावाने तो दिवसभर दाखवत असते. निफ्टीच्या ऑप्शनांच्या भावांतून पुढच्या तीस दिवसांचा अपेक्षित चढउतार काढायचा आणि वार्षिक टक्क्यांत मांडायचा, असा हा निर्देशांक आहे. दुसरा आकडा मात्र आपला आपण काढावा लागतो. तो कसा काढायचा यावर मी बरीच डोकेफोड केली आहे, आणि आज माझं जे मत आहे ते मुख्यतः जून २०२४ च्या पहिल्या आठवड्याने घडवलं.

तोवर माझ्या कोडमध्ये दोन रकाने होते. पहिला नेहमीचा: आजचा बंद भाव भागिले कालचा बंद भाव, त्याचा लॉग, त्याचा वर्ग, २१ दिवसांची सरासरी, २५२ ने गुणून वर्गमूळ. यात सरासरी परतावा मी वजा करत नाही. एकवीस दिवसांत दिशेचा अंदाज इतका कच्चा असतो की तो वजा केल्याने सुधारणा होण्याऐवजी सलग चढलेल्या महिन्याचा चढउतार उगाच कमी दिसतो. या पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे. दिवसभर बाजार तीन टक्के वरखाली होऊन होता तिथे बंद झाला, तर तिच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. दिवसाला एकच बिंदू मिळतो, म्हणून आकडा फार डळमळतो. खरा चढउतार १४ टक्के असेल, तर एकवीस दिवसांचा अंदाज सहज १२ किंवा १६ येतो.

दुसरा रकाना पार्किन्सन यांच्या १९८० च्या सूत्राचा. यात दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यांच्यातलं लॉगमधलं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि 4·ln 2 ने भागायचं. भाव कोणत्याही दिशेचा कल नसताना सतत हलत असेल, तर त्याच्या पल्ल्याच्या वर्गाची सरासरी चढउताराच्या वर्गाच्या एवढ्या पट येते, असा त्या भाजकाचा अर्थ. पल्ल्यात दिवसभराची हालचाल मुरलेली असते, त्यामुळे तितक्याच दिवसांत हा अंदाज निम्म्याहूनही कमी डळमळतो. मला तो रकाना आवडायचा. आलेख गुळगुळीत यायचा आणि व्हिक्सशी तुलना करताना चित्र स्पष्ट वाटायचं.

ते चित्र जरा जास्तच छान होतं. महिनोन् महिने व्हिक्स वर आणि माझा पार्किन्सन चांगलाच खाली, म्हणजे विक्रेत्याची भरघोस कमाई. आमच्या टेबलावर बरीच वर्षं ऑप्शन विकणारे एक सर होते. त्यांनी तो आलेख पाहिला आणि विचारलं, “अरे, मी पोझिशन घेऊन रात्री घरी जातो. त्या रात्रीचं काय घेतलंस यात?”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जूनच्या त्या आठवड्याने दिलं. ३१ मे २०२४ ला, शुक्रवारी, निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला आणि व्हिक्स २४.६ च्या आसपास होता. शनिवारी संध्याकाळी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपून एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला, बाजार उघडला तोच २३,३३७.९० वर. त्यानंतर दिवसभर उच्चांक २३,३३८.७०, नीचांक २३,०६२.३०, बंद २३,२६३.९०. सगळी उडी शुक्रवार आणि सोमवारच्या मध्ये झाली होती. बंद भावांच्या पद्धतीने त्या दिवसाची हालचाल ३.२० टक्के. उच्चांक-नीचांकाचा पल्ला मात्र जेमतेम १.१९ टक्के, आणि पार्किन्सनचा दिवसाचा अंदाज ०.७२ टक्के. निफ्टीने सव्वातीन टक्के उसळी घेतलेला तो दिवस माझ्या लाडक्या रकान्यात एक शांत सोमवार म्हणून नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. निफ्टी २३,१७९.५० वर उघडला, २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. या वेळी सगळं सत्रातच घडलं: बंद भावांनी ६.११, पार्किन्सनने ५.१३ टक्के. ५ जूनला बाजार सावरला: उघडता भाव २२,१२८.३५, उच्चांक २२,६७०.४०, नीचांक २१,७९१.९५, बंद २२,६२०.३५. बंद भावांनी ३.३१, पार्किन्सनने २.३७.

आता हे व्हिक्सच्या समोर ठेवू. ३१ मेचा व्हिक्स पुढच्या तीस दिवसांबद्दल बोलतो, म्हणून त्याची तुलना मागच्या एकवीस दिवसांशी न करता पुढच्या एकवीस सत्रांशी करायची. उरलेल्या अठरा सत्रांत निफ्टी तसूभरही हलला नाही असं मानलं, तरी या तीनच दिवसांच्या वर्गांची बेरीज एकवीसने भागून वार्षिक केली की बंद भावांच्या पद्धतीने २६.५ टक्के येतात. म्हणजे २४.६ ला विकणारा तिथेच तोट्यात. पार्किन्सनने तेच गणित १९.७ देतं, म्हणजे अजून पाच टक्क्यांची मोकळीक शिल्लक. बाजार तोच, दिवस तेच, पण दोन रकान्यांपैकी एक म्हणतो विक्रेता बुडाला, दुसरा म्हणतो बरा आहे.

व्हिक्स काढला जातो तो ऑप्शनच्या भावातून, आणि त्या भावात रात्र, शनिवार-रविवार, निकालाची पहाट सगळं धरलेलं असतं. पार्किन्सन मात्र सकाळी सव्वानऊला सुरू होतो आणि दुपारी साडेतीनला थांबतो. चोवीस तासांच्या भावाची तुलना सव्वासहा तासांच्या हालचालीशी केली, तर विक्रेत्याची कमाई जवळजवळ रोज दिसणारच. गार्मन-क्लास किंवा रॉजर्स-सॅचेल घेतले तरी हा दोष जात नाही. रॉजर्स-सॅचेलला दिवसभराचा एकतर्फी कल सोसतो, गार्मन-क्लास पार्किन्सनहून स्थिर येतो, पण सत्रापुरत्या मूळ रूपात रात्र दोघांनाही दिसत नाही. यांग आणि झांग यांनी २००० मध्ये ती रीतसर जोडली. मी रोजच्या कामाला त्याहून साधी जोड वापरतो: सत्राच्या वर्गात गॅपचा वर्ग मिळवायचा.

```python
import numpy as np

def rv(df, n=21, N=252):
    o, h, l, c = (np.log(df[k]) for k in
                  ("open", "high", "low", "close"))
    gap = (o - c.shift(1))**2
    pk = (h - l)**2 / (4*np.log(2))
    ann = lambda v: 100*np.sqrt(N * v.rolling(n).mean())
    return ann(c.diff()**2), ann(pk), ann(pk + gap)
```

व्हिक्सशी जुळवताना हे निकाल `shift(-n)` ने मागे सरकवायचे, म्हणजे आजच्या ओळीत उद्यापासूनची एकवीस सत्रं येतात. वरच्या तीन दिवसांसाठी तिसरा आकडा २३.६ येतो. ३ जूनचा एकटा गॅपच ३.५२ टक्क्यांचा होता. तो परत आला आणि पाच टक्क्यांची मोकळीक एका टक्क्यावर आली. तरीही बंद भावांचे २६.५ आणि हे २३.६ यांत अंतर उरतंच. त्याचं मुख्य कारण ४ जूनची एकतर्फी पडझड. कल नाही असं गृहीत धरणारं सूत्र अशा दिवशी पडझड जरा कमीच मोजतं, आणि इतक्या थोड्या दिवसांत असा एक दिवस सगळ्या हिशोबावर स्वार होतो.

असं सूत्र खऱ्या भावांवर लावण्याआधी मी ते नेहमी बनावट भावांवर चालवतो. १६ टक्के चढउतार ठरवून एक-एक मिनिटाच्या पावलांनी दिवस तयार करायचे आणि कोड काय सांगतो ते बघायचं. बंद भावांचा रकाना १६ भोवती फिरतो, पार्किन्सन साडेपंधराच्या आसपास बसतो. यात कोडचा दोष नाही. मिनिटाच्या टोकांमध्ये लपलेला खरा उच्चांक आणि नीचांक आपल्याला दिसत नाही, म्हणून पल्ला थोडा आखूड येतो. पावलं बारीक केली की फरक विरघळतो, आणि तसा तो विरघळला की सूत्र नीट लिहिलंय असं समजायचं. निफ्टीसारख्या सतत मोजल्या जाणाऱ्या निर्देशांकात हा फरक किरकोळ आहे. दिवसाला मोजकेच सौदे होणाऱ्या शेअरमध्ये मात्र तो मोठा होतो, तिथे मी पल्ल्याच्या पद्धतीवर विसंबत नाही.

भावांच्या फायलीत दोन गोष्टी आवर्जून तपासाव्या लागतात. काही ठिकाणच्या जुन्या फायलींत निर्देशांकाचा उघडता भाव म्हणून कालचाच बंद भाव भरलेला असतो. मग गॅप शून्य दिसतो आणि रात्रीची उडी पल्ल्यात शिरते किंवा हरवते. `open` आणि आदल्या दिवसाचा `close` तंतोतंत सारखे असलेले दिवस मोजले की हे लगेच उघडं पडतं. खऱ्या फायलीत असे दिवस क्वचित सापडतात. दुसरी गोष्ट दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग. तासाभराच्या त्या सत्राची ओळ पूर्ण दिवस म्हणून धरली तर पल्ल्याची सरासरी विनाकारण खाली येते. मी त्या ओळीची हालचाल पुढच्या सत्रात मिळवतो आणि दिवसांच्या मोजणीत तिला धरत नाही.

एक बारकावा खास आपल्याकडचा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. निफ्टीचा हा बंद भाव म्हणजे साडेतीनचा शेवटचा आकडा नव्हे. तो घटक शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीवरून काढलेला असतो. साडेतीनला बाजार या सरासरीपासून दूर असेल, तर ते अंतर आजच्या पल्ल्यात मोजलं गेलेलं असतं आणि उद्याच्या गॅपमध्ये पुन्हा येतं. म्हणजे माझ्या तिसऱ्या रकान्यात थोडी दुहेरी मोजणी आहे. कागदावर गणित केलं तर ती सत्राच्या वर्गाच्या दोन-तीन टक्क्यांइतकी भरते, म्हणून मी तिला हात लावत नाही, पण एखाद्या दिवशी शेवटच्या वीस मिनिटांत बाजार फिरला असेल तर ती ओळ वेगळी काढून बघतो.

सरांशी यावर पुन्हा बोललो तेव्हा ते म्हणाले, “मी डेल्टा दिवसातून एकदाच जुळवतो, साडेतीनच्या आधी. मला काय लागू?” त्यांच्या खिशातून जातं ते बंद भावापासून बंद भावापर्यंतचं, मधला उच्चांक त्यांनी कधी विकलेला नसतो. म्हणून त्यांचा नफातोटा पहिल्या रकान्यानेच तपासायचा, तो कितीही डळमळीत असला तरी. पण आजचा व्हिक्स महाग की स्वस्त असा अंदाज बांधायचा असेल, तर थोड्या दिवसांत स्थिर आकडा देणारा, गॅप धरलेला तिसरा रकाना जास्त उपयोगी. मधला, रात्र नसलेला रकाना मी व्हिक्सच्या तक्त्यातून काढून टाकला. तो आता वेगळ्या पानावर आहे, सकाळी पोझिशन घेऊन दुपारी मोकळं होणाऱ्यांसाठी.