३१ मार्चपर्यंतचे हिशेब

डिसेंबरअखेर नोकरी गेली, तेव्हा पगाराचा आकडा बाजूला ठेवून मी आधी घरखर्चाची वही उघडली. घराचा हप्ता, मुलाची शाळा, किराणा, वीज आणि सासूबाईंची औषधं धरून महिन्याला ४४ हजार लागतात. नवऱ्याच्या हातात २६ हजार येतात. म्हणजे तूट १८ हजारांची, तीन महिन्यांची ५४ हजार. एवढे पैसे उभे राहिले तर मुदत ठेव मोडावी लागणार नव्हती आणि समोर येईल ती नोकरी पत्करायची वेळही येणार नव्हती. गेलेला पगार ४६ हजार होता. तेवढी कमाई करायला निघाले असते, तर नवी नोकरी शोधायला दिवसाचा एक तासही उरला नसता.

मधल्या काळातलं काम निवडताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: पहिला पैसा कधी हातात पडतो आणि काम दिवसाचा कोणता भाग खातं. एका दुकानात पूर्णवेळ काम मिळत होतं. पगार बरा होता, पण वेळ सकाळी दहा ते रात्री आठ. कंपन्यांचे फोन साधारण अकरा ते एकच्या दरम्यान येतात, मुलाखतीही दिवसाच असतात. ते काम धरलं असतं तर शोध तिथेच थांबला असता. विमा विकायचाही एक प्रस्ताव आला. त्यात आधी परीक्षा, मग ओळखीपाळखीच्या घरी खेटे आणि कमिशन त्यानंतर. तीन महिन्यांच्या गरजेला ते कामाचं नव्हतं.

मी अकरा वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स सांभाळले. या कामाची जमेची बाजू अशी की त्याचं वेळापत्रक सरकारने ठरवून दिलेलं असतं. दर महिन्याला भरणाऱ्यांचं विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेला आणि कर भरायचं ३बी २० तारखेला. तिमाहीवाल्या लहान व्यापाऱ्यांसाठी महाराष्ट्रात त्याच तारखा १३ आणि २२. जानेवारीत दोन्ही प्रकारचे व्यापारी एकदम येतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएसचं विवरणपत्रही ३१ तारखेच्या आत जायचं असतं. ३बीला उशीर झाला की साधारणपणे रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागतं, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. त्यामुळे प्रत्येक करसल्लागाराला या दिवसांत टॅली येणारा जादा माणूस हवा असतो. जाहिरात मात्र कुणी देत नाही. ७-८ तारखेला ढीग पाहून त्यांना घाम फुटतो, म्हणून मी ओळखीच्या दोन करसल्लागारांना १ तारखेलाच फोन केला. एकाने लगेच बोलावलं. रोज दुपारी दोन ते सात, १ ते २० तारखेपर्यंत, महिन्याला ८ हजार. सकाळ माझी राहिली आणि २१ तारखेनंतरचा सगळा आठवडाही. मुलाखतींसाठी मी शक्यतो तेच दिवस मागून घेत असे.

त्याच ऑफिसातून भवानी पेठेतलं एक हार्डवेअरचं दुकान मिळालं. त्यांचा अकाउंटंट दिवाळीत गावी गेला तो परतलाच नव्हता. करसल्लागार पोर्टलवरचे आकडे घेऊन विवरणपत्रं भरत होते, पण एप्रिलपासूनची खरेदीची बिलं टॅलीत चढलेली नव्हती. ती एका पिशवीत कोंबलेली होती, काहींवर चहाचे डाग, काहींची शाई उडालेली. अशा तुंबलेल्या कामाचा दर महिन्यावर ठरवायचा नसतो. मी आधी पिशवीतल्या एका महिन्याची बिलं मोजली, त्यावरून आठ महिन्यांचा अंदाज घेतला आणि संपूर्ण कामाचे १४ हजार सांगितले, निम्मे आगाऊ. पुढचं चालू काम वेगळं, महिन्याला ५ हजार. शेठनी थोडी कुरकुर केली, पण ७ हजार त्याच दिवशी दिले.

सगळी खरेदी चढवल्यावर ती २बीशी ताडून पाहायची असते. पुरवठादारांनी आपापली विक्री दाखवली की त्यातून दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास हा तक्ता पोर्टलवर तयार होतो. बिल हातात असलं तरी ते २बीत नसेल, तर त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. बिजागऱ्या आणि कड्यांचं ६२ हजारांचं एक बिल असंच निघालं. त्यावरचा १८ टक्के कर ११,१६० रुपये. माल आला होता, पैसेही दिले होते, पण २बीत कुठे पत्ता नव्हता.

"म्हणजे मॅडम, पैसे बुडाले?" शेठनी विचारलं.

"बुडाले नाहीत, अडकलेत."

पुरवठादाराला फोन लावल्यावर कळलं की त्याच्याकडच्या पोराने आमचा जीएसटी क्रमांक न टाकता ती विक्री किरकोळ गिऱ्हाइकाच्या नावावर दाखवली होती. त्याने जानेवारीच्या जीएसटीआर-१मध्ये दुरुस्ती केली आणि फेब्रुवारीत १४ तारखेला ते बिल आमच्या २बीत उतरलं. अशी वजावट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येते, म्हणून उशीर होऊनही काही बिघडलं नाही. उरलेले ७ हजार शेठनी न मागता दिले. आपल्या कामाची किंमत गिऱ्हाइकाला अशी समोर दिसली की घासाघीस आपोआप थांबते, हे मला तिथे समजलं आणि त्याचा मनापासून आनंद झाला. कंपनीत असे घोळ मी कितीदा निस्तरले होते, पण ज्याचे पैसे वाचले त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

काही गोष्टी मी कटाक्षाने पाळल्या. दुकानाच्या पोर्टलवर माझा मोबाइल नंबर टाकू दिला नाही. ओटीपी शेठच्याच फोनवर यायचा, मग कितीही खोळंबा होवो. एकदा आपला नंबर तिथे गेला की नोकरी लागल्यावरही दर महिन्याला फोन येत राहतात, आणि नोटीस आलीच तर तीही आपल्याच फोनवर येते. दुसरं म्हणजे दोन्ही ठिकाणी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी ३१ मार्चपर्यंतच आहे आणि नोकरी आधी लागली तर आधी जाईन. फेब्रुवारीत करसल्लागारांनी विचारलं, "ताई, आणखी चार दुकानं आहेत, घेता का?" पैसे चांगले होते. पण तीन दुकानं सकाळी उघडणारी होती. ती घेतली असती तर सकाळचे अर्ज, फोन आणि मुलाखतीची तयारी सगळंच गेलं असतं. मी एकच घेतलं, संध्याकाळचं. त्या आठवड्यात किती अर्ज गेले हे मी दर रविवारी पाहत असे. आकडा घसरला की कामाचे तास वाढलेत हे लगेच ध्यानात यायचं.

हा मार्ग सगळ्यांना मोकळा नाही. माझं कौशल्य दुकानादुकानांत चालणारं होतं आणि जानेवारी ते मार्च हा त्याचा हंगाम होता. हीच नोकरी मे महिन्यात गेली असती तर दुकानं तीच असती, पण घाई एवढी नसती, दरही एवढा मिळाला नसता. तुंबलेल्या कामाचे १४ हजार, दुकानाच्या चालू कामाचे तीन महिन्यांचे १५ आणि करसल्लागारांकडचे २४ असे ५३ हजार आधीच धरलेले होते. फेब्रुवारीत घेतलेल्या दुकानाने तूट भरून काढून वर थोडे उरवले.

मुलाखतीत "सध्या काय करता?" हा प्रश्न ठरलेलाच. मी सरळ सांगायची: दोन व्यापाऱ्यांची खाती लिहिते, जीएसटी बघते, नोटीस पिरियड नाही. चाकणच्या एका कंपनीने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होकार दिला आणि लगेच रुजू व्हायला सांगितलं. मी २० तारखेनंतरचा सोमवार मागितला. का, तेही सांगितलं, आणि त्यांनी तो दिला. २० तारखेला फेब्रुवारीचं ३बी भरलं, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि वहीच्या एका पानावर बाकी कामं लिहिली: न जुळलेली दोन बिलं, बँकेचा वटायचा राहिलेला एक धनादेश, वर्षअखेरीला मोजायचा माल. वही शेठच्या हातात दिली आणि करसल्लागारांकडच्या मुलाला त्यांच्यासमोर बसवून ते पान ओळीने वाचून घेतलं.