बाळाचं वजन: कार्डावरचा ठिपका नको, रेघ बघा

नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली की बरेच पालक बाळाला घेऊन दवाखान्यात डोकावतात. अशाच एका सकाळी अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातल्या दोन जावा आपापल्या मुली घेऊन आल्या. मुलींच्या जन्मात जेमतेम आठवड्याचं अंतर. सोबत सासूबाई होत्या. थोरल्या जावेची मुलगी बारीक, वजन ६.७ किलो. धाकटीची गोल चेहऱ्याची, ७.४ किलो. आजींनी थोरल्या नातीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हिला टॉनिक लिहून द्या. हिच्या आईला दूधच नाही. त्या दुसरीचं बघा कसं छान चाललंय."

थोरली जाऊ खाली मान घालून बसली होती. नऊ महिने हे ऐकत आली असणार.

मी दोघींची माता-बाल संरक्षण कार्डं उघडली आणि वजनाच्या तक्त्याचं पान काढलं. काळजी करायची होती, पण ती दुसऱ्या मुलीची.

तक्त्यात काय असतं?

तुमच्याकडेही हे कार्ड असेल. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. खाली आडवं बाळाचं वय महिन्यांत, उभं वजन किलोत. हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, केशरी म्हणजे फारच कमी. प्रत्येक वजनाला एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. अनेक कार्डांवर ठिपके असतात, पण जोडलेले नसतात. खरी माहिती मात्र जोडणाऱ्या रेघेत असते.

हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी सहा देशांतल्या निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळांची वजनं घेतली होती. त्यात आपल्या दिल्लीतली बाळंही होती. त्यामुळे "हा तक्ता गोऱ्या बाळांचा, आपली मुलं लहानच असतात" हे म्हणणं इथे चालत नाही. आणि बाळ अंगावर पितंय म्हणून रेघ आडवी झाली, हे कारणही चालत नाही.

बारीक मुलीची रेघ

थोरलीची मुलगी जन्मली तेव्हा अडीच किलोची होती. दीड महिन्याला ३.७, साडेतीन महिन्यांना ४.९, सहा महिन्यांना ५.९ आणि आता ६.७ किलो. प्रत्येक ठिपका हिरव्या पट्ट्याच्या तळाशी, पिवळ्याच्या अगदी कडेला. पण ठिपके जोडले की रेघ तक्त्यातल्या छापील रेघेला समांतर वर चढते. शेवटच्या तीन महिन्यांत ८०० ग्रॅम वाढ झाली. या वयात महिन्याला साधारण २५० ते ३०० ग्रॅम वाढ पुरेशी असते, म्हणजे ही मुलगी अगदी योग्य गतीने वाढत होती. लांबीही तशीच हळूहळू वाढलेली. ती बसत होती, रांगायला लागली होती, माझा स्टेथोस्कोप ओढत होती. तिच्या आईची उंची चार फूट दहा इंच. लहान चणीच्या आईचं, लहान जन्मलेलं, पण आपल्या वाटेने नीट चाललेलं बाळ. तिला टॉनिकची गरज नव्हती. पिवळ्याची कडा जवळ असल्यामुळे दर महिन्याला वजन करायचं, एवढंच सांगितलं.

गुटगुटीत मुलीची रेघ

धाकटीची मुलगी जन्मताना ३.२ किलो. दीड महिन्याला ४.७, साडेतीन महिन्यांना ६.१, सहा महिन्यांना ७.२. तक्त्यातल्या मधल्या रेघेवर चालणारं बाळ. त्यानंतर साडेसात महिन्यांना ७.३ आणि नऊ महिन्यांना ७.४. तीन महिन्यांत फक्त २०० ग्रॅम. ठिपका अजून हिरव्यातच होता, पण रेघ जवळपास आडवी झाली होती.

साडेसात महिन्यांचं ते वजन माझ्याच दवाखान्यात झालं होतं. बाळाला खोकला होता म्हणून आणलं होतं. मी त्या दिवशीचा आकडा हिरव्यात बघितला, "वजन छान आहे" म्हणालो आणि खोकल्याचं औषध दिलं. मागचा ठिपका पाहिला असता, तर दीड महिना आधी कळलं असतं. आजींची चूक आणि माझी चूक एकच होती. दोघांनीही बाळ कुठे आहे ते पाहिलं, कुठून आलं ते पाहिलं नाही.

सरकारी वेळापत्रकात लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. त्यानंतरची थेट नऊ महिन्यांना. म्हणजे ज्या काळात बाळ वरचं खायला लागतं आणि वाढ अडखळण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो, नेमक्या त्याच काळात लसीच्या निमित्ताने होणारं वजन होत नाही. ते अंगणवाडीत दर महिन्याला आपणहून करून घ्यावं लागतं.

वाढ का थांबली?

आधी वजन खरं आहे ना, ते तपासलं. वेगळा काटा, अंगावरचे कपडे, ओला लंगोट, नुकतंच पाजलेलं दूध यांनी २००-३०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. मुलीचे कपडे काढून पुन्हा वजन केलं. ७.४ च भरलं.

मग विचारपूस. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, ताप नाही. दूध पिताना धाप लागत नाही, घाम येत नाही. घरात कुणाला क्षयरोग किंवा लांबलेला खोकला नाही. बाळांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग कधी कधी ताप न येता फक्त वजन थांबवतो, म्हणून लघवी तपासली. ती ठीक आली. हिमोग्लोबिन मात्र ८.६ निघालं. या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

उरलं खाणं. घर एक असलं तरी चुली दोन होत्या. धाकटी जाऊ पहाटे पाटी घेऊन मासळी बाजारात जायची, ती दुपारी परतायची. तोवर बाळ आजींकडे. आजी प्रेमाने दिवसातून तीनदा भरवायच्या: भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी, कधी चहात बुडवलेलं बिस्कीट. "घट्ट दिलं तर घशात अडकेल," ही त्यांची भीती. पोट भरायचं, बाळ रडायचं नाही. पण बाळाचं पोट लहान असतं. पातळ पेजेने ते भरतं आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, त्यानंतर एकटं पुरत नाही. लोहाचा जन्मापासूनचा साठाही साधारण तेव्हाच संपत येतो, आणि चहा उरलंसुरलं लोह शोषू देत नाही. आई अर्धा दिवस बाहेर असल्याने दूधही कमी वेळा मिळत होतं.

काय बदललं?

आजींना मी चमचा आडवा धरून दाखवला. बाळाचं जेवण चमचा कलंडला तरी लगेच ओघळू नये, इतकं घट्ट हवं. मऊ भात आणि घट्ट डाळ कुसकरून, त्यात चमचाभर तूप किंवा तेल. एक वेळ पापलेटचा तुकडा काटे बोटांनी चाचपून काढून, किंवा पूर्ण शिजवलेलं अंडं. सुकी खारवलेली मासळी मात्र वर्षाच्या आत नको, मीठ फार असतं. प्रत्येक वेळी साधारण अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय मध्ये केळं किंवा उकडलेलं रताळं. चहा बंद. आई बाजारात जाण्याआधी, परतल्यावर आणि रात्री अंगावर पाजणं सुरूच. सोबत लोहाचे थेंब.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. दहा महिन्यांना ७.९, अकराला ८.३, वर्षाला ८.६ किलो. आडवी रेघ पुन्हा चढली. असं झालं नसतं, तर पुढच्या तपासण्यांसाठी मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण नीट भरवूनही वजन वाढत नसेल तर कारण ताटात नसतं, शरीरात असतं.

तुम्ही केव्हा दाखवावं?

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आलं नाही तर थांबू नका. पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला अर्ध्या किलोपेक्षा कमी वाढ असेल, तर आधी बाळ नीट पितंय का, हे कुणा जाणत्याकडून बघून घ्या. सहा महिन्यांनंतर लागोपाठ दोन महिने रेघ आडवी राहिली किंवा खाली वळली, तर ठिपका हिरव्यात असला तरी दाखवा. पिवळ्यात उतरलेलं बाळ लवकर दाखवा, केशरीतलं त्याच दिवशी. वजन कुठेही असो, पिताना धाप किंवा घाम, सतत उलट्या, लघवी कमी होणं, पायावर सूज किंवा मलूल पडलेलं बाळ, यांतलं काही दिसलं तर तक्ता बाजूला ठेवा आणि लगेच या.

रेघ थोडी वरखाली होणं मात्र नेहमीचं आहे. आजारपणात एक महिना वजन थांबतं आणि पुढच्या महिन्यात भरून निघतं. जन्मतः मोठं बाळ पहिल्या सहा महिन्यांत आईबापाच्या चणीप्रमाणे जरा खालच्या रेघेवर स्थिरावू शकतं, पण ते चढत राहतं. महिना-दीड महिना आधी जन्मलेल्या बाळाचं वय तेवढं कमी धरून ठिपका द्यावा लागतो. आणि दर आठवड्याला वजन करू नका. सहा महिन्यांनंतर आठवड्याची वाढ इतकी थोडी असते की ती काट्याच्या चुकीत हरवते. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून.

त्या दिवशी निघताना आजींनी दोन्ही कार्डं पुन्हा मागून घेतली आणि दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग थोरल्या सुनेला म्हणाल्या, "तू हिला काय भरवतेस, ते उद्यापासून मला दाखव."

आज घरी गेल्यावर तुमच्या बाळाचं कार्ड काढा. ठिपके असतील तर पेन घेऊन जोडा. शेवटच्या दोन महिन्यांची रेघ आडवी दिसली, तर कार्ड सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी नुसता शेवटचा आकडा पाहिला तर मागचे ठिपकेही दाखवा.