भाषणात बाई दिसाव्यात म्हणून

निरोपाचं भाषण आखून लिहिलं की त्यातली माया आटते, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं. मनात येईल तसं बोलावं, कंठ दाटला तर दाटू द्यावा, मुद्दे काढून बोलणं साहेब लोकांना शोभतं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंच्या सेवापूर्ती समारंभात सहकाऱ्यांच्या वतीनं बोलायचं माझ्याकडे आलं, तेव्हा हे मत बदललं. पहिला खर्डा मी मनापासूनच लिहिला होता. तो मोठ्यानं वाचून पाहिला, तर त्यात बाई कुठेच दिसेनात.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. आमच्याकडे कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख 1 जून लागलेली असते. निवृत्तीचं वय 58, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे 31 मे, ऐन सुट्टीत. बाईंचंही तसंच. म्हणून समारंभ एप्रिलमध्येच ठेवला. तेव्हा मुलं शाळेत असतात आणि ऊसतोडीला गेलेले बरेचसे पालक गावी परतलेले असतात. ऐकणारे हे लोक आहेत, हे लक्षात आलं आणि खर्ड्याकडे बघायची माझी नजर पालटली.

खर्डा बाई रुजू झाल्या त्या तारखेपासून सुरू होत होता. मग बदल्या, पदोन्नती, नव्या वर्गखोल्या, मिळालेले पुरस्कार. मध्येच सहलीची आठवण, तिथून पुन्हा पदोन्नती. हा सगळा तपशील परिचयात येणार होता आणि मानपत्रातही येणार होता. लोकांनी तो तिसऱ्यांदा का ऐकावा? तो पूर्ण काढला. उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे दुसऱ्या कुठल्या मुख्याध्यापकांबद्दल बोलता येईल का? शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ हे सगळे शब्द त्यात गेले. ‘शाळा पोरकी झाली’ हे वाक्य मात्र वेगळ्या कारणानं काढलं. पुढचा कार्यभार घेणारे सर तिथेच व्यासपीठावर बसणार होते, आणि बाईंनी घडवलेली शाळा त्यांच्यामागे पोरकी होणं हा बाईंचा गौरव नव्हे.

एक वाक्य मात्र जाईना: ‘विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी बाईंनी अथक परिश्रम घेतले.’ ते खरं होतं, पण ऐकून डोळ्यांपुढे काहीच येत नव्हतं. बाईंनी नेमकं काय केलं, ते आठवत बसलो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे आईबापांना थांबणं शक्य नसतं. पोरगं मात्र आजीपाशी थांबू शकतं. बाई टोळी निघायच्या आधी संध्याकाळी घरी जायच्या आणि आईबापांशी बोलण्याआधी आजीशी बोलायच्या. रात्री पोर रडलं तर काय, आजारी पडलं तर कुणाला हाक मारायची, हे आजीचे प्रश्न. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं की जेवणाची सोय लागायची, पण ते वेळेवर सुरू होईलच असं नसे. तोवर बाई स्वतः चौकशी ठेवायच्या. मग भाषणात असं लिहिलं: ‘बाई, टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही वस्तीवर यायचात. आधी आजीजवळ बसायचात. त्या संध्याकाळी मागे राहिलेली पोरं आज या मांडवात बसली आहेत.’

या तीन वाक्यांभोवती बाकीचं भाषण आपोआप बसलं. सुरुवात याच प्रसंगानं. मग आम्ही शिक्षक त्यांच्याकडून काय शिकलो: हजेरीत सलग गैरहजर दिसणाऱ्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात जायचं, ही एकच गोष्ट. त्यानंतर त्यांच्या घरच्यांचे आभार, कारण त्या संध्याकाळी घरच्यांच्याच वाट्यातून गेल्या. शेवटी निरोप. खर्ड्यात मी सगळीकडे ‘बाईंनी अमुक केलं’ असं पाहुण्यांना सांगत होतो. आता मान्यवरांची नावं एका दमात घेऊन थेट बाईंकडे वळलो आणि ‘तुम्ही’ म्हणालो. माया कुठून येते, ते मला या एका बदलात समजलं.

माईकवर सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणून पाच मिनिटांसाठी पाचशेच शब्द ठेवले. ‘करून, घेऊन, पाहून’ अशी लांबत जाणारी वाक्यं तोडली, कारण अशा वाक्यात मध्येच आवाज कापला तर परत सूर सापडत नाही. जिथे गळा भरून येणार हे ठाऊक होतं, तिथे पुढचं वाक्य मुद्दाम अगदी छोटं ठेवलं. ‘पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे जावो’ याच्या जागी लिहिलं, ‘बाई, यंदा दिवाळीत संध्याकाळी घरीच थांबा. वस्तीवर आम्ही जाऊ.’

हे बोलायच्या आधी आम्ही शिक्षक एकत्र बसलो आणि कुणी कुठली वस्ती घ्यायची ते वाटून घेतलं.